फोटो वर चढतात आणि मॅच अडते

रविवारी संध्याकाळी कोकणातून परतलो, दोन्ही फोन चार्जिंगला लावले आणि टीव्हीवर मॅच लावली. दहा मिनिटांत चित्र थांबलं. प्लॅन 100 एमबीपीएसचा, मॅचला 8-10 पुरतात. मग अडलं कुठे?

अडलं होतं उलट्या दिशेला. फोन घरच्या वायफायवर आले आणि चार दिवसांच्या फोटो-व्हिडिओंचा बॅकअप आपोआप सुरू झाला. साधारण 4 जीबी. आमच्या कनेक्शनला अपलोड मात्र 5 एमबीपीएसच आहे, म्हणजे हे सगळं वर चढायला जवळजवळ पावणेदोन तास.

पण मॅच तर खाली येते, तिला अपलोडशी काय देणंघेणं? व्हिडिओचे तुकडे येतात तसतशी टीव्हीला सर्व्हरकडे पोच धाडावी लागते. ही पोच इवलीशी असते, पण बाहेर पडायला तिला फोटोंच्याच रांगेत उभं राहावं लागतं. राउटरमध्ये 1 एमबीची रांग साचली, तर 5 एमबीपीएसने ती उपसायला 1.6 सेकंद लागतात. पोच उशिरा पोचते आणि सर्व्हर हात आखडता घेतो. सिनेमा पुढचा भाग आधीच खेचून ठेवतो, म्हणून तो बऱ्याचदा निभावतो. थेट मॅचकडे शिल्लक काही सेकंदांचीच. या दुखण्याला ‘बफरब्लोट’ म्हणतात. 2010च्या सुमारास ते चव्हाट्यावर आणणारे अमेरिकी संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनाही ते घरून फायली वर चढवतानाच भेटलं होतं.

खात्री करायला लॅपटॉप शक्यतो केबलने राउटरला जोडा, म्हणजे वायफायचा दोष मध्ये येणार नाही. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये हे टाइप करा:

```
ping -t 8.8.8.8
```

मॅकवर `-t` नको. आधी सगळ्या फोनचे बॅकअप थांबवून दोन मिनिटं आकडे बघा, मग एक बॅकअप सुरू करा. आमच्याकडे 18-20 मिलिसेकंदांवर चाललेला आकडा अर्ध्या मिनिटात 900च्या पुढे गेला आणि बॅकअप थांबवताच खाली उतरला. असा चढउतार दोन-तीनदा तसाच दिसला, तर चोर सापडला. आकडा हललाच नाही आणि मॅच तरीही अडली, तर दोष दुसरीकडे शोधा. नुसत्या स्पीड टेस्टवर विसंबू नका: बॅकअप थांबलेला असताना ती केली, तर सगळं आलबेलच दिसतं.

सोपा उपाय म्हणजे मॅच संपेपर्यंत बॅकअप थांबवणं. राउटरमध्ये ‘एसक्यूएम’ची सोय असेल, तर ती सुरू करून अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या 85-90 टक्क्यांवर ठेवा. 5 असेल तर साडेचारच्या आत. मग रांग साचत नाही. फोटो थोडे सावकाश चढतात आणि पोच वेळेवर जाते. आमच्या राउटरला ही सोय नव्हती, म्हणून आता फोटोंचा बॅकअप आम्ही झोपताना सुरू करतो.