शके १५५१ म्हणजे इसवी सन किती?

शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, असे आपण शिकतो. पण इथे उत्तर १६२९ येते आणि ते चुकते. शकाचे वर्ष गुढीपाडव्याला बदलते, इसवी सन मात्र १ जानेवारीलाच पुढे सरकतो. त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. म्हणून १९ फेब्रुवारी १६३०. राज्याभिषेक ज्येष्ठातला, तिथे १५९६ मध्ये ७८ मिळवून १६७४ बरोबर येते.

खरी अडचण पौषाची. हा महिना बहुधा डिसेंबर-जानेवारीत विभागला जातो, म्हणून तिथी नसेल तर नेमके वर्ष ठरत नाही. विक्रम संवत गुजरातेत दिवाळीनंतर बदलतो, उत्तरेत चैत्रात. राज्याभिषेकाच्या दिवशी उत्तरेत संवत १७३१ होता, गुजरातेत १७३०.