पाच, तीन, दोन येईलच असं नाही

चिवडा विकणारा एक गृहउद्योग आहे असं समजा. त्यांचे प्रकार तीन: पातळ पोह्यांचा, भाजक्या पोह्यांचा आणि मक्याचा. शहरातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना विचारता आलं असतं, तर ५० टक्के लोकांनी पातळ पोह्यांचा चिवडा निवडला असता, ३० टक्क्यांनी भाजक्या पोह्यांचा आणि २० टक्क्यांनी मक्याचा. हे प्रमाण आपण लेखापुरतं ठरवलं आहे, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. गृहउद्योगाला ते कळायला मार्ग नाही. म्हणून त्यांनी दहा जणांना गाठून प्रत्येकाला एकच विचारलं: तिन्हींतला सर्वांत आवडता कोणता? उत्तरं बरोबर पाच, तीन, दोन अशी पडण्याची संभाव्यता किती?

आकडे प्रमाणाबरहुकूम आहेत, तेव्हा ती बरीच असेल असं वाटतं. हिशेब मांडून पाहू.

आधी एकच क्रम धरू. पहिल्या पाच जणांनी ‘पातळ पोहे’ म्हटलं, पुढच्या तिघांनी ‘भाजके पोहे’ आणि शेवटच्या दोघांनी ‘मका’. एकाच्या उत्तराचा दुसऱ्याच्या उत्तराशी संबंध नसेल, तर संभाव्यतांचा नुसता गुणाकार करायचा. ०.५ चा पाच वेळा गुणाकार ०.०३१२५, ०.३ चा तीन वेळा ०.०२७ आणि ०.२ चा दोन वेळा ०.०४. तिन्ही एकमेकांशी गुणले की ०.००००३३७५ येतात, म्हणजे लाखात जेमतेम तीन-साडेतीन.

पण कोण आधी भेटलं आणि कोण नंतर, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पाच-तीन-दोन हा निकाल किती वेगवेगळ्या क्रमांनी येऊ शकतो, ते मोजलं पाहिजे. दहा जणांतून ‘पातळ पोहे’ म्हणणारे पाच निवडण्याचे प्रकार २५२. उरलेल्या पाचांतून ‘भाजके पोहे’ म्हणणारे तिघे निवडण्याचे १०. राहिलेल्या दोघांना ‘मका’ म्हणण्यावाचून पर्याय नाही. एकूण क्रम २५२ × १०, म्हणजे २५२०. प्रत्येक क्रमाची संभाव्यता तीच, कारण त्यात तेच दहा आकडे गुणले जातात, फक्त मागे-पुढे होऊन.

२५२० × ०.००००३३७५ = ०.०८५०५

म्हणजे साडेआठ टक्के. प्रमाण तंतोतंत ५०-३०-२० असतानाही पाच-तीन-दोन हा निकाल साधारण बारा सर्वेक्षणांत एकदाच दिसेल. गंमत अशी, की दहा उत्तरं तीन प्रकारांत वाटण्याचे एकंदर ६६ निकाल संभवतात आणि त्या सगळ्यांत हाच सर्वाधिक संभाव्य आहे. सहा-तीन-एक आणि सहा-दोन-दोन यांची संभाव्यता प्रत्येकी ७.१ टक्के. म्हणजे पहिल्या नंबराचा निकाल आपल्या शेजाऱ्यांपेक्षा जेमतेम डोकं वर काढून उभा आहे.

या ६६ निकालांना मिळून जी संभाव्यतांची वाटणी होते, तिला बहुपदी वितरण म्हणतात. नाण्याच्या छापा-काट्यासारखे दोनच पर्याय असले की तेच द्विपदी वितरण होतं. सूत्र आपण वर वापरलंच आहे: क्रमांची संख्या गुणिले एका क्रमाची संभाव्यता. क्रमांची संख्या पुस्तकात १०! ÷ (५! × ३! × २!) अशी लिहिलेली दिसेल. १०! म्हणजे एकपासून दहापर्यंतच्या आकड्यांचा गुणाकार. उत्तर तेच, २५२०.

अर्थात गृहउद्योगाला पाच-तीन-दोनशी काही देणंघेणं नाही. त्यांना एवढंच हवं आहे, की जास्त माल कशाचा करायचा? तेव्हा खरा प्रश्न असा: दहाच जणांना विचारलं, तर पातळ पोह्यांचा चिवडा निर्विवाद पहिला दिसेल का? त्याला सहा किंवा अधिक मतं पडली तर तो पहिलाच, याची संभाव्यता ३७.७ टक्के. पाच पडली तर दुसऱ्या कुणाला उरलेली पाचही मिळता कामा नयेत, ते २२.४ टक्के. चार पडली तर बाकीच्यांत तीन-तीन अशीच वाटणी व्हायला हवी, ते ५.७ टक्के. तीन मतांवर पहिलं येणं शक्यच नाही. बेरीज ६५.८ टक्के. म्हणजे दर तीन सर्वेक्षणांतल्या एकात लोकांचा खरा आवडता चिवडा बरोबरीत अडकेल किंवा चक्क मागे पडेल, आणि तेही कुणाची काही चूक नसताना.

शंभर जणांना विचारलं तर? पन्नास-तीस-वीस हा नेमका निकाल येण्याची संभाव्यता घसरून ०.९ टक्क्यावर येते, कारण आता संभाव्य निकाल हजारोंनी आहेत. मात्र पातळ पोह्यांचा पहिला नंबर हुकण्याची संभाव्यता ३४ टक्क्यांवरून सव्वा टक्क्याच्या आसपास उतरते. नेमका आकडा दुर्मीळ होत जातो आणि कौल पक्का होत जातो, हे दोन्ही एकाच वेळी घडतं.

आता एक गोष्ट अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते. शंभर जणांत पातळ पोह्यांच्या मतांचं प्रमाण विचलन, म्हणजे पन्नासच्या आजूबाजूला होणारी नेहमीची हालचाल, ५ मतांचं असतं. भाजक्या पोह्यांचं साधारण ४.६. मग दोघांतल्या वीस मतांच्या आघाडीचं किती? दोन्ही आकडे एकमेकांपासून मोकळे असते तर ६.८ आलं असतं. पण ते मोकळे नाहीत. एकूण मतं शंभरच असल्यामुळे एकाकडे गेलेलं मत दुसऱ्याला मिळत नाही. एक वर गेला की दुसऱ्याचा कल खाली जाण्याकडे असतो. त्यामुळे आघाडीचं प्रमाण विचलन ८.७ होतं. दोन पदार्थांचे आकडे वेगवेगळे वाचून आघाडीवर भरवसा ठेवणारा माणूस तिला आहे त्यापेक्षा पक्की समजून बसतो.

हा सगळा डोलारा मात्र एका अटीवर उभा आहे: प्रत्येकाचं उत्तर स्वतंत्र हवं. (दोन चिवड्यांवर खूण करायची मुभा दिली, तर हे वितरण लागूच होत नाही, पण ते निदान कागदावर लगेच दिसतं.) स्वतंत्रपणा बिघडला तर तो दिसत नाही. समजा, पाहणी करणारी मुलगी शंभर उत्तरं आणायला पंचवीसच घरांत गेली आणि प्रत्येक घरातल्या चौघांना एकत्र बसवून विचारलं. सासूबाई ‘पातळ पोह्यांचा’ म्हणाल्या की बाकी तिघांनी मान डोलावली. सगळ्याच घरांत असं झालं, तर कागदावर शंभर मतं असली तरी खरी मतं पंचवीस, आणि पातळ पोह्यांचं प्रमाण विचलन पाचऐवजी दहा.

हे ओळखण्याची सोपी तपासणी आहे. उत्तरं स्वतंत्र असतील, तर कुठल्याही दोन माणसांचं उत्तर जुळण्याची संभाव्यता ०.५ × ०.५, ०.३ × ०.३ आणि ०.२ × ०.२ यांची बेरीज, म्हणजे ३८ टक्के. खरं प्रमाण माहीत नसेल तेव्हा सर्वेक्षणातूनच आलेलं प्रमाण घेऊन हा आकडा काढायचा. मग एकाच घरातल्या माणसांच्या जोड्या घेऊन किती जोड्यांची उत्तरं जुळतात ते मोजायचं. चाळीसच्या आसपास टक्के जुळल्या तर काळजी नको. साठ-सत्तर टक्के जुळल्या, तर घरातली उत्तरं सुटी धरता येणार नाहीत, आणि पुढच्या खेपेला प्रत्येक घरातून एकालाच विचारलेलं बरं. त्यासाठी मुळात प्रत्येक उत्तरासमोर घराचा क्रमांक लिहिलेला असायला हवा. छापील फॉर्मवर तेवढा एक रकाना बहुधा नसतो.