तक्रारीचा पडदा आणि वक्त्याचे स्थान

घाणीच्या जागेचे छायाचित्र काढून नागरिकांना तक्रार नोंदवता यावी, यासाठी केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने २०१६ साली ‘स्वच्छता’ हे मोबाइल ॲप आणले. अशा ॲपातील पडद्यांचा क्रम सामान्यतः असा असतो : छायाचित्र, तक्रारीचा प्रकार, स्थान, जवळची खूण, तक्रार पाठविणे आणि शेवटी तिची स्थिती. या क्रमात दोन ठिकाणी प्रश्न मूलतः भाषेचा आहे.

पहिले ठिकाण स्थानाचे. समजा, परभणीत वसमत रस्त्यावरून जाणाऱ्या एका गृहस्थाने कचऱ्याचा ढीग टिपला, आणि घरी पोचल्यावर तेच छायाचित्र जोडून तक्रार पाठविली. पाठविण्याच्या क्षणीचे स्थान ॲपने घेतले, तर नकाशावरील खूण त्याच्या घरावर पडेल. म्हणून स्थान आणि वेळ ही छायाचित्र घेतानाच नोंदली गेली पाहिजेत. जुने छायाचित्र जोडल्यास नकाशावर जागा पुन्हा दाखविण्यास सांगितले पाहिजे. उपग्रहाधारित स्थानही मोकळ्या आकाशाखाली काही मीटर चुकते, दाट वस्तीत अधिक. ही उणीव खुणेच्या चौकटीने भरून काढावयाची असते.

तेथे ‘मागे’ हा शब्द घोटाळा करतो. ‘देवळामागे’ म्हटले की अर्थ निश्चित होतो, कारण देवळाला स्वतःचे दर्शनी अंग आहे. ‘लिंबाच्या झाडामागे’ म्हटले तर झाडाला पुढचे-मागचे अंग नसल्यामुळे बोलणारा कोठे उभा होता, यावर अर्थ ठरतो. मुकादम विरुद्ध बाजूने आला, तर त्याला ‘मागे’ काहीच आढळणार नाही, आणि तो प्रामाणिकपणे ‘कचरा नाही’ असे कळवील. यास्तव चौकटीत नुसते ‘खूण’ असे न लिहिता ‘कोणत्या इमारतीसमोर वा मागे, रस्त्याच्या कोणत्या बाजूस?’ असे विचारणे श्रेयस्कर होय. बाजूही ‘डावी-उजवी’ अशी न सांगता ‘स्थानकाकडून येताना उजवी’ अशी सांगितली पाहिजे.

दुसरे ठिकाण स्थितीचे. ‘तक्रार निकाली निघाली’ या वाक्याचा कर्ता तक्रार आहे. कचऱ्याचा त्यात उल्लेखच नाही. कचेरीच्या भाषेत तक्रार चुकीची ठरवून वा दुसऱ्या विभागाकडे धाडूनही निकाली काढता येते. नागरिक मात्र त्या शब्दाचा अर्थ ‘कचरा उचलला’ असाच घेतो. ढीग जागच्या जागी असताना पडद्यावर ‘निकाली’ दिसू लागले, की पुढची तक्रार करण्याची इच्छाच उरत नाही. म्हणून ‘कचरा उचलला’, ‘जागा सापडली नाही’, ‘दुसऱ्या विभागाकडे पाठविली’ अशा निरनिराळ्या स्थिती असाव्यात. पहिल्या स्थितीसोबत त्याच जागेचे, शक्यतो त्याच बाजूने घेतलेले नवे छायाचित्र असावे. दुसरीसोबत जागा पुन्हा दाखविण्याची सोय असावी.

नव्या छायाचित्रानेही सारे सिद्ध होत नाही. ढीग दहा पावले सरकवूनही चौकट स्वच्छ दिसू शकते. त्यामुळे तक्रार बंद झाली असे म्हणण्याचा शेवटचा अधिकार तक्रारदाराच्या ‘होय’ किंवा ‘नाही’कडे असावा, आणि ‘नाही’ म्हटल्यास तीच तक्रार जुन्या क्रमांकाने पुन्हा उघडावी. नवा क्रमांक दिल्यास पहिला विलंब नोंदीतून नाहीसा होतो.