तानपुऱ्यात न बसणारा सूर

घरच्या खोलीत गाणं रेकॉर्ड करणाऱ्याला कधीकधी आपल्या तानपुऱ्यामागे आणखी एक तानपुरा ऐकू येतो. तो कुणी छेडत नाही, तो थांबत नाही आणि त्याला सुरात लावायला खुंटीही नसते. भारतातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, म्हणून स्पीकरमधून येणारी ही 'घूंऽऽ' ५० हर्ट्झची असते आणि तिच्या अंगावर १०० नि १५० हर्ट्झचे उपस्वर चढलेले असतात. काळी एकला सा धरणाऱ्या गायकासाठी ही ५० हर्ट्झ तीव्र मध्यम आणि पंचम यांच्या दरम्यान पडते. म्हणजे कुठल्याच रागाच्या कामाची नाही. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे त्याच गायकाला हा आगंतुक सूर शुद्ध धैवत आणि कोमल निषाद यांच्या मध्ये सापडेल. बेसूर तोही.

साउंडवाले याला 'हम' म्हणतात. हमची कारणं अनेक असली तरी घरच्या स्टुडिओत वारंवार भेटणारं कारण म्हणजे ग्राउंड लूप. त्रासदायक गोष्ट अशी की यात बिघडलेलं काहीच नसतं. लॅपटॉप चांगला, स्पीकर चांगले, केबल नवी. एकेकटं तपासलं तर प्रत्येक उपकरण निर्दोष ठरतं. दोष असतो तो त्यांना एकमेकांशी जोडण्याच्या पद्धतीत.

डोंबिवलीतल्या एखाद्या वन बीएचकेमधली नेहमीची मांडणी डोळ्यांपुढे आणू. बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल, त्यावर तीन पिनांच्या चार्जरवर चालणारा लॅपटॉप. त्याला यूएसबीने जोडलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा आणि तिथला आवाज बाहेर आणणारा छोटा डबा. एक मोठा स्क्रीन एचडीएमआय केबलने लॅपटॉपला लावलेला. टेबलाजवळच्या बोर्डात जागा उरली नाही, म्हणून दोन्ही मॉनिटर स्पीकरचे प्लग समोरच्या भिंतीवरच्या बोर्डात गेले. स्पीकरही तीन पिनांचे. इंटरफेस आणि स्पीकर यांच्यामध्ये दुकानदाराने हातात ठेवलेली साधी केबल. सगळं सुरू केलं की स्पीकरमधून घूंऽऽ.

आता वाट मोजा. चार्जरची तिसरी, जाड पिन भिंतीतल्या अर्थिंगच्या तारेला जोडलेली आहे. बऱ्याच चार्जरमध्ये ती लॅपटॉपच्या ग्राउंडपर्यंत पोचलेली असते, तिथून यूएसबीतून इंटरफेसपर्यंत, तिथून ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीतून, म्हणजे शील्डमधून, स्पीकरपर्यंत. स्पीकरच्या तिसऱ्या पिनेतून ती समोरच्या बोर्डात शिरते आणि भिंतीतल्या भिंतीत फिरून पुन्हा पहिल्या बोर्डाच्या अर्थला मिळते. वर्तुळ पूर्ण झालं. अर्थच्या तारेत कायम थोडा गळतीचा प्रवाह वाहत असतो, कारण प्रत्येक आधुनिक पॉवर सप्लाय आपल्या फिल्टरमधून थोडीशी वीज तिथे सोडतो. शिवाय एवढ्या मोठ्या वर्तुळाच्या पोटातून शेजारच्या वायरींचं चुंबकीय क्षेत्रही जातं. त्यामुळे दोन बोर्डांचे अर्थ नावाला एक असले तरी त्यांच्यात किंचित व्होल्टेजचा फरक पडतो, आणि तो फरक ऑडिओ केबलच्या जाळीतून प्रवाह ढकलतो.

साध्या केबलमध्ये ही जाळी दुहेरी नोकरी करते: बाहेरचा उपद्रव अडवायचा आणि सिग्नलला परतीची वाटही द्यायची. समजा जाळीचा रोध ०.१ ओहम आहे आणि तिच्यातून १० मिलिअँपियर प्रवाह वाहतोय. गुणाकार केला की १ मिलिव्होल्ट. घरगुती ऑडिओचा नेहमीचा सिग्नल ३०० मिलिव्होल्टच्या आसपास असतो. तीनशेवा भाग ही रक्कम कागदावर क्षुल्लक दिसते, पण दोन ओळींच्या मधल्या शांततेत कान ती बरोबर पकडतात.

शोधाची सुरुवात मात्र प्लग उपटण्यापासून करू नये. पहिला प्रश्न हा की हम रेकॉर्डिंगमध्ये उतरतोय की फक्त खोलीत ऐकू येतोय. इंटरफेसला हेडफोन लावायचे, माइकसमोर गप्प राहून अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचं आणि ते हेडफोनवरच ऐकायचं. आपल्या उदाहरणात तिथे शांतता आहे. म्हणजे फाइल स्वच्छ आहे आणि उपद्रव इंटरफेस ते स्पीकर या टप्प्यातला आहे. या एका चाचणीने अर्धी खोली तपासातून वगळली जाते, आणि माइक किंवा प्रीअँप बदलायचा खर्चही वाचतो.

पुढची चाचणी स्पीकरची. आवाज पूर्ण कमी करून ऑडिओ केबल स्पीकरमधून काढायची (आवाज न उतरवता काढली तर 'धप्प' होतं आणि ते स्पीकरच्या पडद्याला बरं नाही), मग आवाज पुन्हा वाढवायचा. स्पीकर शांत असले तर ते सुटले. केबल परत लावली, हम आला. आता इंटरफेसवरचं आउटपुटचं बटण शून्यावर आणलं, तरी हम तेवढाच. ही खूण महत्त्वाची आहे. हम इंटरफेसच्या आतून आला असता तर बटणाबरोबर कमी झाला असता. तो बटणाच्या पुढे, केबलच्या जाळीत तयार होतोय.

मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवायचा. लूप तुटला तर हम एका क्षणात जातो. आपल्या मांडणीत तो जातो, पण पूर्ण नाही; बारीक घूं शिल्लक राहते. इथे बरेच लोक फसतात. 'चार्जर काढूनही आवाज येतोय, म्हणजे लूप नाही,' असा निष्कर्ष काढून ते भलतीकडे शोधू लागतात. प्रत्यक्षात लूप दोन होते. मोठ्या स्क्रीनचा प्लगही तीन पिनांचा, आणि एचडीएमआय केबलमधून त्याचा अर्थ लॅपटॉपपर्यंत आलेला. ती केबल काढली की उरलेली घूं थांबते. म्हणून जाणकार उलट्या बाजूने जातात: आधी सगळं सोडवून फक्त बॅटरीवरचा लॅपटॉप, इंटरफेस आणि एक स्पीकर एवढंच ठेवायचं, आणि मग एकेक वायर परत लावत ऐकायचं. जी वायर लागताच आवाज आला, तिच्यातून वर्तुळ पूर्ण झालं. सेट-टॉप बॉक्स किंवा टीव्ही या साखळीत असेल तर केबलवाल्याची कोअॅक्सिअल वायरही काढून पाहावी, कारण तिची जाळी इमारतीत भलत्याच ठिकाणी अर्थ झालेली असू शकते.

या टप्प्यावर कुणीतरी अनुभवी गृहस्थ सल्ला देतात, 'अर्थची पिन काढून टाका, आवाज बंद.' आवाज खरंच बंद होतो, हीच पंचाईत. त्या पिनेचं काम इतकंच की आतली फेजची वायर कधी सुटून धातूच्या अंगाला लागली, तर वीज माणसातून न जाता अर्थमधून जावी आणि फ्यूज किंवा एमसीबी पडावा. पिन काढली की ती वाट बंद होते, आणि ऑडिओ केबलने जोडलेला इंटरफेस, माइक, गिटारची तार असं सगळंच जिवंत होऊ शकतं. इंग्लंडच्या यार्डबर्ड्स या गाजलेल्या बँडचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरीच इलेक्ट्रिक गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला. अर्थिंग नीट नव्हतं. लूप तोडायचा तो ऑडिओच्या बाजूने, विजेच्या बाजूने कधीही नाही.

पहिला उपाय फुकटातला आहे. सगळे प्लग एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर आणायचे. वर्तुळ भिंतीभोवती फिरायचं थांबून टेबलाएवढं होतं आणि अर्थमधला फरक जवळजवळ संपतो. इतका भार चालेल का, ही शंका रास्त आहे. लॅपटॉप, स्क्रीन आणि दोन छोटे स्पीकर मिळून साधारणतः ५०० वॅटच्या आतच राहतात, आणि ६ अँपियरचं सॉकेट २३० व्होल्टवर सुमारे १,३८० वॅट देतं. एसी किंवा इस्त्री मात्र त्या बोर्डवर नको.

एवढ्याने हम पुष्कळ उतरतो, पण दर वेळी पूर्ण जात नाही. खरा इलाज म्हणजे बॅलन्स्ड केबल. हिच्यात जाळीखेरीज दोन तारा असतात. एकीतून सिग्नल सुलटा जातो, दुसरीतून उलटा. स्पीकर या दोघांतला फरक तेवढा घेतो. हम दोन्ही तारांवर सारखाच चढलेला असतो, त्यामुळे वजाबाकीत तो उडून जातो. ओळखायची खूण सोपी आहे: पाव इंची जाड पिनेवर काळ्या रेघा दोन असतील तर केबल बॅलन्स्ड, एक असेल तर साधी. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेल्या असतात आणि दिसायला जवळपास जुळ्या. अर्थात केबल बदलून भागत नाही, इंटरफेसचं आउटपुट आणि स्पीकरचं इनपुट दोन्ही बॅलन्स्ड हवीत. पाठीमागे ते छापलेलं असतं. क्वचित बॅलन्स्ड केबल लावूनही हम राहतो. याचं कारण नील मन्सी या ध्वनितंत्रज्ञाने १९९५ मध्ये मांडलं: काही उत्पादक केबलची जाळी उपकरणाच्या धातूच्या खोक्याला न जोडता आतल्या सर्किटला जोडतात, आणि जाळीतला प्रवाह थेट ॲम्प्लिफायरच्या पोटात शिरतो. असं उपकरण घरी दुरुस्त होत नाही.

स्पीकरला फक्त लाल-पांढऱ्या आरसीए पिना असतील, तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा. त्यात आवाज चुंबकत्वातून पलीकडे जातो. अलीकडचा आणि पलीकडचा धातू एकमेकांना लागतच नाही, म्हणून लूपही उरत नाही. स्वस्त ट्रान्सफॉर्मरचा गाभा लहान असतो आणि खालच्या सुरांना कमी पडतो. डग्ग्याची घुमार एकदा थेट आणि एकदा ट्रान्सफॉर्मरमधून ऐकली की किंमत कुठे वाचवली ते कळतं.

लूप नसलेल्या घूंचीही वेगळी ओळख आहे. पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्यावर आवाज बदलला, आणि तो मऊ घूं नसून करकरीत 'झर्रर्र' असेल, तर दोष रेग्युलेटरचा. जुन्या पद्धतीच्या इन्व्हर्टरवर घर चालू असताना असाच खरखरीत आवाज येतो. गिटार घेऊन जागेवर फिरल्याने आवाज कमी-जास्त झाला तर तिचा पिकअप हवेतला हम पकडतोय. आणि लॅपटॉपच्या धातूला हात लावताच आवाज दबत असेल, बोटांना बारीक मुंग्याही येत असतील, तर लूप होण्याइतकं अर्थिंगच त्या सॉकेटमध्ये नाही. जुन्या इमारतींत तिसरं भोक असतं, त्यामागे तार नसते. हे काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनचं. तो अर्थ ओढून गेला की मुंग्या थांबतात, झर्रर्र जातं, आणि कधीकधी त्याच संध्याकाळी स्पीकरमधून पहिल्यांदाच मऊ घूंऽऽ सुरू होते, कारण वर्तुळ पूर्ण व्हायला लागणारी तार आत्ता कुठे मिळालेली असते. तेव्हा इलेक्ट्रिशियनला दोष न देता दोन रेघांची केबल आणावी.