लवचिक अंदाजपत्रक
प्रत्यक्ष उत्पादनानुसार अपेक्षित खर्च पुन्हा ठरविणारे अंदाजपत्रक. समजा, महाड औद्योगिक क्षेत्रातील एका रसायन कारखान्याने महिन्याला १०० टन उत्पादनासाठी १४ लाख रु. खर्च आखला, त्यांपैकी ४ लाख रु. स्थिर व प्रतिटन १०,००० रु. बदलता. जुलै २०२१ मधील सावित्रीच्या पुरासारख्या आपत्तीने उत्पादन ८० टनांवर आले आणि खर्च १२.६० लाख रु. झाला, तर मूळ आकड्याशी ताडून पाहता १.४० लाख रु. अनुकूल तफावत दिसते. ती फसवी होय. ८० टनांना १२ लाख रु. खर्चच अपेक्षित असल्याने तफावत वस्तुतः ६०,००० रु. प्रतिकूल ठरते. ती वाढीव दरामुळे, की थंडावलेले बाष्पित्र पुन्हा तापविताना जळालेल्या जादा इंधनामुळे, हे व्यवस्थापकाने तपासावे. देखभाल लांबणीवर टाकल्यानेही तफावत अनुकूल दिसू शकते.