प्रश्न मंगळवारचा, उत्तर गुरुवारचं

नाशिकमध्ये दोन मैत्रिणी मिळून वेबसाइटची कामं करतात आणि त्यांचा एक ग्राहक सॅन फ्रान्सिस्कोत आहे, असं समजू. सायकलचे सुटे भाग विकणारं त्याचं ऑनलाइन दुकान आहे आणि त्यातलं पैसे भरण्याचं पान त्याला नव्याने करून हवंय. उन्हाळ्याचे दिवस आहेत. मंगळवारी सकाळी साडेअकराला एकीला शंका येते आणि ती मेल टाकते, "कूपनचं कसं करायचं?" तिकडे तेव्हा सोमवारचे रात्रीचे अकरा वाजलेले असतात. ग्राहक मंगळवारी सकाळी आठला मेल उघडतो, तेव्हा नाशिकमध्ये रात्रीचे साडेआठ झालेले असतात. थोड्या वेळाने तो उलट विचारतो, "कोणतं कूपन? सेलमधलं की नव्या गिऱ्हाइकांचं?" हे नाशिकला वाचलं जातं बुधवारी सकाळी. लगेच उत्तर दिलं तरी तो ते वाचणार त्याच्या बुधवारी सकाळी, म्हणजे इथल्या रात्री. खुलासा हातात येऊन काम पुढे सरकतं ते गुरुवारी.

समोरासमोर बसले असते तर दोन मिनिटांत हे बोलणं संपलं असतं. इथे त्याला दोन दिवस लागले आणि त्यात कोणीही आळस केलेला नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्राहकाबरोबर काम करताना वेळ जातो तो इथे, प्रश्नाला आलेल्या उलट प्रश्नात. रात्री जागून तो भरून निघत नाही. प्रश्न लिहिण्याची पद्धत बदलली तर बराचसा वाचतो.

वेळेचं गणित आधी नीट समजून घेऊ. भारतीय वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. कॅलिफोर्निया उन्हाळ्यात सात तास मागे आणि हिवाळ्यात आठ. म्हणजे आपल्यात आणि त्यांच्यात कधी साडेबारा तास, तर कधी साडेतेरा. आपण दहा ते सात आणि त्यांनी नऊ ते पाच काम केलं, तर दोघंही कामावर आहेत असं एक मिनिटही मिळत नाही. लंडनचा ग्राहक असला तर आपली दुपार त्याची सकाळ असते, त्यामुळे काही तास आपोआप जुळतात. न्यूयॉर्कचा असला तर संध्याकाळ थोडी लांबवून भागतं. पश्चिम किनाऱ्याला मात्र ओव्हरलॅप, म्हणजे दोघांच्या सोयीचा सामाईक वेळ, कोणाच्या तरी घरच्या वेळेतूनच काढावा लागतो.

आठवड्याचं गणित याहून अवघड आहे आणि नव्याने काम घेणाऱ्यांच्या ते उशिरा लक्षात येतं. आपला सोमवार उजाडतो तेव्हा तिकडे रविवारची रात्र असते, त्यामुळे सोमवारी दिवसभर विचारलेलं काहीही रात्रीपर्यंत कोणी वाचत नाही. त्यांचा शुक्रवार सुरू होतो तेव्हा आपली शुक्रवारची रात्र झालेली असते. त्यांनी शुक्रवारी दुपारी पाठवलेलं उत्तर आपल्याकडे शनिवारी पहाटे येतं आणि कामाला येतं सोमवारी. म्हणून आठवड्यातल्या सगळ्या लेखी नोंदींत मला शुक्रवारची नोंद सर्वात महत्त्वाची वाटते. सोमवारी काय लागणार आहे हे त्या नोंदीत विचारलं नाही, तर सोमवार अंदाजावर काढावा लागतो.

आता त्या कूपनच्या प्रश्नाकडे परत येऊ. तोच प्रश्न असा लिहिता आला असता:

"१०० डॉलरच्या वरच्या खरेदीवर डिलिव्हरी मोफत आहे. गिऱ्हाइकाने १०५ डॉलरची खरेदी केली आणि १० टक्क्यांचं कूपन लावलं तर बिल ९४.५० डॉलर होतं. तरीही डिलिव्हरी मोफत द्यायची का? (अ) हो, कूपनच्या आधीची रक्कम धरा. (ब) नाही, कूपननंतरची धरा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी (अ) धरून पुढे जाते. हे फक्त चाचणीच्या साइटवर आहे आणि नंतर बदलायला अर्धा तास पुरेल."

वाचणाऱ्याला आता काहीच शोधावं लागत नाही. फोनवर, सकाळची कॉफी घेता घेता तो "ब" एवढं एक अक्षर पाठवू शकतो. त्याने काहीच पाठवलं नाही तरी नाशिकचं काम थांबत नाही. या मजकुरातली शेवटची दोन वाक्यं लोक हमखास विसरतात आणि सगळा फरक तीच पाडतात: मी काय गृहीत धरते आहे, आणि ते चुकलं तर निस्तरायला किती लागेल.

गृहीत धरण्यालाही मर्यादा आहे. ज्यात गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे जातात, जुनी माहिती पुसली जाते किंवा शेकडो लोकांना मेल सुटते, अशा कामात उत्तर आल्याशिवाय हात लावायचा नाही. तिथे नोंदीत स्वच्छ लिहावं, "यावर तुमचा होकार येईपर्यंत हे काम थांबलेलं आहे, दरम्यान मी अमुक करते." हे "दरम्यान" फार कामाचं आहे. थांबलेल्या कामाच्या जोडीला करण्यासारखं दुसरं काम कायम तयार असलं, की रात्री एक वाजता ग्राहकाला मेसेज करून उठवण्याची वेळ येत नाही.

रोजची नोंद आपला दिवस संपताना पाठवावी, म्हणजे त्यांच्या दिवसाच्या सुरुवातीला ती सर्वात वर दिसते. तिची सुरुवात "आज मी काय काय केलं" यापासून होऊ नये. आधी त्यांच्याकडून काय हवंय ते यावं, मग काय पूर्ण झालं आणि ते कुठे बघता येईल, आणि शेवटी उद्या काय होणार. "लॉगिनवर काम चालू आहे" या वाक्यातून ग्राहकाला काहीच कळत नाही. "पासवर्ड विसरल्यावर येणारी मेल आता जाते, तुमच्या पत्त्यावर एक पाठवली आहे, बघा" हे त्याला स्वतः तपासता येतं. सकाळी त्याच्याकडून "एनी अपडेट?" असा मेसेज आला, तर तो उतावळा आहे असं मानण्याआधी आपली आदली नोंद पुन्हा वाचावी. बहुतेक वेळा त्याला हवी असलेली गोष्ट तिच्यात नसते, किंवा आठव्या ओळीत दडलेली असते.

लेखी काम असं चाललं की सामाईक वेळ थोडा पुरतो. उन्हाळ्यात आपले रात्रीचे साडेआठ म्हणजे त्यांचे सकाळचे आठ. मंगळवार आणि गुरुवार, साडेआठ ते सव्वानऊ, एवढं ठरवलं तरी मध्यम आकाराच्या कामाला चालतं. हा वेळ हालहवाल सांगण्यात घालवणं म्हणजे महागाचा वेळ स्वस्तात देणं आहे, कारण हालहवाल आधीच लिहून गेलेली असते. ज्यावर मतभेद आहेत, जे पडद्यावर दाखवल्याशिवाय कळणार नाही, किंवा ज्यात ग्राहकाची नाराजी जाणवते आहे, तेवढंच या वेळात बोलावं. संपल्यावर दहा मिनिटांत काय ठरलं ते तीन-चार ओळींत लिहून पाठवावं. पंधरा दिवसांनी "असं ठरलं नव्हतं" असा वाद निघाला, तर दाखवायला त्याच ओळी असतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळ तासभर मागे घेते आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करते. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही. त्यामुळे त्यांच्या सकाळी आठची बैठक दिवाळीच्या आसपास आपल्याकडे अचानक साडेनऊला जाऊन बसते. घरात लहान मूल असलेल्या बाईला हा एक तास परवडत नाही. यावर एक सोपा उपाय आहे: हिवाळ्यात बैठक सकाळी न्यावी. त्यांचे संध्याकाळचे साडेपाच तेव्हा आपले सकाळचे सात असतात. फक्त वार बदलतो, त्यांचा मंगळवार आपला बुधवार होतो, तेवढं लिहून कळवायचं.

कॅलेंडरवर बैठक टाकताना ती कोणाच्या वेळेला बांधली आहे हे बघायला हवं. बैठक `Asia/Kolkata` या वेळेवर टाकली तर नोव्हेंबरमध्ये आपली वेळ तीच राहते आणि ग्राहकाची एक तास आधी सरकते. `America/Los_Angeles` वर टाकली तर सरकते आपली. दोन्ही चालतं, पण कोणाची सरकणार हे दोघांनाही आधी माहीत असावं. शिवाय ग्राहक जुलैतही सवयीने "3 PM PST" लिहितात. पीएसटी ही हिवाळ्याची वेळ आहे. जुलैत त्यांच्या मनात पीडीटी असते आणि ती अक्षरं शब्दशः घेतली तर तासाभराची चूक होते. आयएसटी तर इस्रायल आणि आयर्लंडमध्येही वापरतात. म्हणून शहराचं नाव लिहावं आणि दोन्हीकडचे वार लिहावेत: "गुरुवार दुपारी ३, सॅन फ्रान्सिस्को, म्हणजे शुक्रवार पहाटे ३.३०, नाशिक." "शुक्रवार संध्याकाळपर्यंत देते" असं नुसतं सांगितलं, तर कोणाची संध्याकाळ यावर अर्ध्या दिवसाचा गैरसमज होतो.

उत्तराची अपेक्षा हा भाग कामाच्या करारातच यावा, असं माझं ठाम मत आहे. साध्या मेलला आपल्या पुढच्या कामाच्या दिवशी उत्तर मिळेल, इतकं बहुतेक ग्राहकांना पुरतं. तातडीचं म्हणजे काय हे मात्र उदाहरण देऊन लिहावं. "दुकानात कोणालाच पैसे भरता येत नाहीत" हे तातडीचं. "बटणाचा रंग फिका दिसतो" हे नाही. तातडीच्या वेळी मेल नको, फोन करायचा, आणि तो नंबर फोनच्या डू नॉट डिस्टर्बमधून वगळून ठेवायचा, म्हणजे बाकीचे सगळे आवाज बंद करून झोपता येतं. रात्री फोन उचलण्याची जबाबदारी घेतली असेल, तर तिचे पैसे वेगळे लावावेत. नाहीतर दर महिन्याला तातडीची व्याख्या सैल होत जाते.

एवढं ठरवूनही ती व्याख्या आपण स्वतःच मोडतो. झोप येत नाही म्हणून रात्री एकला फोन बघितला आणि साध्या प्रश्नाला उत्तर दिलं, तर ग्राहकाच्या दृष्टीने ती दुपारी साडेबाराची आपली हजेरी झाली. असं चार वेळा झालं की पाचव्यांदा उत्तर न येणं त्याला ढिलाई वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही. रात्री सुचलेलं उत्तर लिहून ठेवावं आणि शेड्यूल करून सकाळच्या कामाच्या वेळेला पाठवावं. नाहीतरी साध्या प्रश्नाचं उत्तर त्याला त्याच्या पुढच्या सकाळी हवं असतं, आणि आपण सकाळी पाठवलं तरी ते तेव्हा त्याच्यापुढे असतंच.

सुट्ट्यांची यादीही अशीच आधी जायला हवी. गणपती, दसरा, दिवाळी दरवर्षी वेगळ्या तारखांना येतात आणि कॅलिफोर्नियातल्या दुकानदाराला त्या माहीत असण्याचं कारण नाही. त्याच्याकडे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंगचा, आणि लगेच दुसऱ्या दिवसापासून वर्षातली मोठी विक्री. त्या आठवड्यात पैसे भरण्याच्या पानाला हात लावायचा नाही आणि फोन मात्र उशाशी ठेवायचा, हे दोघींनी ऑक्टोबरमध्येच ठरवलेलं बरं.