दोन फुटांचं कपाट आणि आठ बाय चारची शीट

हुडकेश्वरच्या नव्या ले-आउटांमध्ये घर बांधलं की मिस्त्रीला सांगितलं जातं, ‘कपाट दोन फूट खोल करा.’ सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. प्लायची शीट आठ बाय चारची, म्हणजे 2440 बाय 1220 मिलिमीटर. चार फुटांतून दोन-दोन फुटांच्या दोन पट्ट्या निघतील असं वाटतं, पण करवतीचं पातं साधारण एक सूत लाकूड खातं, शिवाय फुटक्या कडाही सरळ कराव्या लागतात. म्हणून खोली 600 धरावी. कडांचे पाच-पाच आणि पात्याचे चार मिलिमीटर वजा केले तरी दोन पट्ट्या आरामात बसतात.

आता 1800 उंच आणि 900 रुंद कपाट घेऊ. दोन साइड पहिल्या शीटमध्ये लांबीच्या दिशेने निघतात. टॉप, बॉटम आणि तीन शेल्फ असे पाच तुकडे उरतात. साइडची जाडी 18 धरली तर प्रत्येकाची लांबी 864. एका पट्टीत असे दोनच बसतात, म्हणजे दुसऱ्या शीटमधून चार. पाचव्यासाठी तिसरी शीट आणावी लागते! पहिल्या शीटचे उरलेले तुकडे सव्वासहाशेच्या आसपास, त्यातूनही तो निघत नाही. हेच तुकडे 800 चे केले की पट्टीत तीन बसतात, शीटमध्ये सहा, आणि एक शिल्लक राहतो. कपाट 836 रुंद होतं. चौसष्ट मिलिमीटरचा हा त्याग कपड्यांना कळत नाही, खिशाला मात्र कळतो. (शटर आणि पाठीची पातळ प्लाय यांचा हिशेब वेगळा.) शेल्फच्या रेषा लांबीच्या दिशेने आल्याने ते वाकतातही कमी.

लकडगंजच्या आरा-मशीनवर यादी देण्याआधी प्लायची जाडी व्हर्नियरने मोजावी. अठराची म्हणून घेतलेली प्लाय सव्वासतराची निघू शकते. तसं झालं तर 836 चं कपाट 834.5 चं होतं आणि आधी कापलेलं शटर बाहेर डोकावतं. एज-बँडची पट्टी मापात धरली आहे की नाही, हेही यादीवर लिहावं.

सांध्यात डॉवेल तुकडा जागेवर धरतो आणि कॅम तो आवळतो. डॉवेल 8 बाय 30 चा असेल तर साइडमध्ये 12 आणि शेल्फच्या कडेत 20 खोल भोक पाडतात. जास्तीचे दोन मिलिमीटर गोंदासाठी. नेहमीच्या 15 व्यासाच्या कॅमचा मध्य कडेपासून 34 वर येतो. प्लाय पातळ असली तर बोल्टचं भोक जाडीच्या मधोमध धरू नये. कॅम ज्या बाजूला बसतो त्या पृष्ठभागापासूनच 9 मोजावेत, नाहीतर बोल्टचं डोकं कॅमच्या खाचेत नीट शिरत नाही.

कॅम अर्धा फेरा फिरूनही सांधा सैल राहिला तर जोर लावू नये. एकतर 34 चं अंतर चुकलेलं असतं, नाहीतर बोल्ट पूर्ण आत गेलेला नसतो. स्वस्त प्लायच्या कडेत थरांमधली पोकळी भोकात आली तर डॉवेलची पकड जाते. म्हणून शिल्लक तुकड्यावर एक सांधा आधी जोडून, ओढून पाहावा आणि मगच उरलेली भोकं पाडायला घ्यावी.